पैसे पार्टीला गेले, नोंद मात्र खर्चात पडली

"मी जळगावच्या एका डाळमिलमध्ये चार वर्षांपासून हिशेब पाहते. फेब्रुवारीत धुळ्याच्या एका वर्कशॉपकडून शाफ्ट आणि पुल्या आल्या. त्यांचे 12 फेब्रुवारीचे बिल 80,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी असे 94,400 रुपयांचे होते, आणि ते मी रीतसर नोंदवले. 6 मार्चला त्यांना पूर्ण रक्कम एनईएफटीने पाठवली, पण तुरीच्या हंगामाच्या घाईत ती पार्टीच्या खात्याऐवजी 'यंत्र दुरुस्ती व देखभाल' या खात्याला नावे पडली. आता एप्रिलमध्ये शेठनी देणे यादी पाहून 'धुळ्याच्या पार्टीचे पैसे या शुक्रवारी देऊन टाका' असे सांगितले, तेव्हा चूक माझ्या लक्षात आली. तेरीज जुळते आहे, बँकही जुळलेली आहे. शेवटी खर्च तो खर्चच, मग तसेच राहू दिले तर चालेल का? की जुनी एंट्री डिलीट करून नवी टाकू? शेठना सांगितले तर चार वर्षांचा विश्वास जाईल, याची भीती वाटते."
— एक हिशेबनीस, जळगाव

ताई, सर्वांत आधी शुक्रवारचे पैसे थांबवा. दुरुस्तीची नोंद उद्या केली काय किंवा चार दिवसांनी केली काय, फारसे बिघडत नाही. पण तीच रक्कम दुसऱ्यांदा गेली तर ती परत आणणे तुमच्या हातात राहत नाही. ऐन उमेदीच्या काळात मी एका जिनिंगमध्ये हिशेब पाहत होतो, तेव्हा अगदी अशाच चुकीमुळे एका पार्टीला दोनदा पैसे गेले. पार्टी प्रामाणिक होती, तरीही ती रक्कम पुढच्या बिलांतून थोडी थोडी वळती व्हायला पूर्ण हंगाम लागला आणि तेवढा काळ आमचे भांडवल त्यांच्याकडे अडकून पडले. खर्चात पडलेली नोंद वर्षअखेरीस हिशेब तपासणाऱ्याला सापडू शकते. दुसऱ्यांदा गेलेले पैसे मात्र पुष्कळदा कोणाला दिसतच नाहीत, कारण ते गेल्यावर पार्टीचे खाते आपल्या वहीत शून्य होते आणि सगळे ठीक आहे असा भास होतो.

आता तुमच्या पत्रातील "खर्च तो खर्चच" या वाक्याकडे येतो, कारण तुमचा बराचसा गोंधळ त्या एका वाक्यात आहे. बिल नोंदवले त्याच दिवशी तुमचा खर्च वहीत आलेला होता: दुरुस्ती खाते 80,000 रुपयांनी नावे, जमा होऊ शकणारा केंद्र आणि राज्य जीएसटी प्रत्येकी 7,200 रुपये नावे, आणि पार्टी 94,400 रुपयांनी जमा. त्यानंतर बँकेतून गेलेली रक्कम हा नवा खर्च नव्हता, ती आधीच मान्य केलेल्या देण्याची फेड होती. ती पुन्हा दुरुस्ती खात्यात गेल्यामुळे 80,000 रुपयांच्या सामानासाठी तुमच्या वहीत 1,74,400 रुपयांचा खर्च दिसतो आहे. नफा 94,400 रुपयांनी कमी झाला आहे आणि जे देणे शिल्लकच नाही ते 94,400 रुपयांनी उभे आहे. त्यातले 14,400 रुपये तर जीएसटीचे आहेत. त्यांची वजावट तुम्ही आधीच घेतलेली आहे आणि आता तेच खर्च म्हणूनही दाखवले जात आहेत. असा हिशेब तसाच पुढे गेला तर आयकर कमी भरला जातो, म्हणून "राहू द्यावे का" या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे.

तेरीज जुळते हा या बाबतीत दिलासा नव्हे. तेरीज फक्त एवढेच सांगते की जितके नावे पडले तितकेच जमा पडले. ते कोणत्या खात्यावर पडले, हे ती पाहत नाही. बँक जुळवणीचेही तसेच आहे. बँकेच्या उताऱ्यात 6 मार्चला 94,400 गेले आणि तुमच्या बँक खात्यातही गेले, एवढ्याने जुळवणीचे काम संपते. ही चूक पकडणारा कागद एकच, आणि तो म्हणजे पार्टीकडून आलेला खाते उतारा. म्हणून धुळ्याला फोन करून 31 मार्चपर्यंतचा उतारा मागवून घ्या. त्यांच्याकडे तुमचे खाते शून्य दिसले आणि एनईएफटीचा तोच यूटीआर क्रमांक 6 किंवा 7 मार्चला जमा दिसला, की तुमच्या दुरुस्तीला आधार मिळाला.

दुरुस्तीची नोंद टाकण्याआधी आणखी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. तुम्ही बिल रीतसर नोंदवले असे म्हणता आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरीही पार्टीचे खाते उघडून 12 फेब्रुवारीची ती जमा नोंद तिथे आहे ना, हे बघाच. हे सांगण्याचे कारण असे की हे सदर वाचणाऱ्या इतर हिशेबनिसांची स्थिती नेमकी इथे वेगळी असू शकते. पुष्कळदा बिल फाइलमध्येच राहिलेले असते, पैसे देताना ते थेट खर्चात टाकले जातात, आणि मग खर्चाची तीच एकमेव नोंद असते. अशा वेळी नुसती पार्टी नावे आणि खर्च जमा अशी नोंद केली, तर खर्च वहीतून नाहीसा होतो आणि ज्याला आपण पैसे दिले तोच आपले देणे लागतो असे दिसू लागते. तिथे आधी बिल नोंदवावे लागते. बिल पुरवठादाराने भरलेले आहे की नाही, हे जीएसटीच्या पोर्टलवरील `GSTR-2B` मध्ये दिसते. त्या बिलाची वजावट राहून गेली असेल, तर आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्यापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती घेता येते. तुमचे बिल नोंदवलेले असल्यामुळे तुम्हाला यातले काही करावे लागणार नाही, आणि जीएसटीची भरलेली विवरणेही बदलावी लागणार नाहीत, कारण वजावट बिलाच्या नोंदीवरून घेतली जाते, पैसे दिल्याच्या नोंदीवरून नव्हे.

आता डिलीट करण्याचा विचार. टॅलीत `Alt+D` दाबले की एंट्री जाते, पण तिच्याबरोबर बँक जुळवणीत टाकलेली तारीखही जाते. नवी एंट्री टाकल्यावर मार्चची बँक पुन्हा जुळवावी लागते, आणि ते राहून गेले तर 94,400 रुपये "बँकेत अजून वटायचे" म्हणून लोंबकळत राहतात. शिवाय व्हाउचरच्या क्रमांकांचा प्रश्न उभा राहतो. जुन्या क्रमांकाचा कागद फाइलला लावलेला असतो, आणि पुढे कोणी तो क्रमांक शोधू लागले तर तिथे दुसरेच काही सापडते किंवा काहीच सापडत नाही. डिलीट करणे मला म्हणूनच मुळीच पसंत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मूळ पेमेंट व्हाउचर उघडून त्यात फक्त नावे खाते बदलणे. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अनेक अनुभवी हिशेबनीस असेच करतात आणि त्यात एक खरा फायदा आहे, तो म्हणजे पार्टीच्या खात्यात पैसे दिल्याची तारीख 6 मार्च हीच दिसते. चूक त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात सापडली असती आणि त्या आकड्यांवरून कोणताही कागद बाहेर गेला नसता, तर मीही तुम्हाला हेच सांगितले असते. पण तुमच्याकडे आता एप्रिल उजाडला आहे. मिलला बँकेचे कॅश क्रेडिट असेल, तर मार्चअखेरचे स्टॉक स्टेटमेंट बहुधा गेलेले असेल आणि त्यात देणी 94,400 रुपयांनी जास्त दाखवली गेली असतील. बँक मालाच्या किमतीतून देणी वजा करून उचल ठरवते. मार्जिन 25 टक्के धरले तर या एका चुकीने तुमची उचल 70,800 रुपयांनी कमी मोजली गेली. बाहेर गेलेल्या कागदावरचा आकडा आणि आजच्या वहीतील आकडा यांत फरक का पडला, हे सांगणारी एक नोंद वहीतच असली पाहिजे. मूळ व्हाउचर मागे जाऊन बदलले, तर ती राहत नाही. तुमची मिल प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारे आणि ती बंद न करता येणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. तिथे मागे जाऊन केलेला बदल तसाही दिसणारच. मालकी किंवा भागीदारीच्या पेढीला ही सक्ती नाही, पण माग राहणे तिथेही हिशेबनिसाच्याच हिताचे असते.

म्हणून माझा सल्ला जर्नल नोंदीचा आहे. `F7` ने जर्नल उघडा, `F2` ने तारीख 31 मार्च 2026 करा, आणि अशी नोंद घाला:

धुळ्याच्या पार्टीचे खाते — नावे 94,400
यंत्र दुरुस्ती व देखभाल खाते — जमा 94,400

नोंद दोन ओळींचीच आहे, पण तिच्यात चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि त्या मी इतरांच्या वह्यांत वारंवार पाहिल्या आहेत. पहिली जागा रकमेची. बिलात 80,000 आणि 14,400 असे दोन भाग दिसतात, त्यामुळे दुरुस्ती खाते 80,000 ने जमा करून उरलेले 14,400 जीएसटीच्या खात्यांत जमा करण्याचा मोह होतो. तसे करू नका. चुकलेल्या पेमेंट नोंदीत जीएसटीचे खाते कुठेच नव्हते. पूर्ण 94,400 दुरुस्ती खात्यातच गेले होते, म्हणून पूर्ण रक्कम तिथूनच बाहेर काढायची. जीएसटीची खाती हलवलीत, तर तुमच्या वहीतील वजावट पोर्टलवरील शिलकीपेक्षा 14,400 ने कमी दिसू लागेल आणि एका चुकीच्या जागी दुसरी उभी राहील.

दुसरी जागा बँकेची. काही जण आधी बँक नावे आणि खर्च जमा, मग पार्टी नावे आणि बँक जमा अशा दोन नोंदी करतात. बँकेची शिल्लक त्यातूनही बरोबर येते, पण बँकेच्या उताऱ्यात कधीच नसलेले दोन व्यवहार तुमच्या बँक खात्यात जन्माला येतात आणि प्रत्येक महिन्याच्या जुळवणीत न जुळलेले म्हणून समोर येत राहतात. बँकेची बाजू मुळात बरोबर होती, तेव्हा दुरुस्तीत बँकेला हात लावायचे कारणच नाही.

तिसरी जागा बिलाच्या संदर्भाची. पार्टीच्या खात्यात 94,400 घातल्यावर सॉफ्टवेअर विचारते की ही रक्कम कशापोटी. तिथे `Agst Ref` निवडून 12 फेब्रुवारीचे बिल दाखवा. घाईत `On Account` निवडले, तर खात्याची शिल्लक शून्य होते, पण बिलवार देणे यादीत ते बिल तसेच उभे राहते आणि शेठ पुढच्या महिन्यात पुन्हा हेच म्हणतील की यांचे पैसे देऊन टाका. दुरुस्ती खात्यावर विभागवार खर्च लावत असाल, तर ज्या विभागावर मूळ चूक पडली त्याच विभागातून रक्कम काढा.

तपशिलात काय लिहायचे, हे मला नोंदीइतकेच महत्त्वाचे वाटते. "चुकीची दुरुस्ती" एवढे दोन शब्द लिहून भागत नाही. असे काही लिहा: "दि. 6-3-2026 च्या पेमेंट व्हाउचर क्रमांक अमुकने पार्टीला एनईएफटीने दिलेले रु. 94,400, यूटीआर क्रमांक अमुक, बिल दि. 12-2-2026, नजरचुकीने यंत्र दुरुस्ती खात्यास नावे पडले होते; ते पार्टीच्या खात्यास वर्ग केले. नोंद एप्रिल 2026 मध्ये केली." मग मूळ व्हाउचरच्या कागदावर आणि शक्य असल्यास त्याच्या तपशिलातही या जर्नलचा क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे दोन्हीकडून एकमेकांकडे जाता येते. जर्नलच्या कागदाला पार्टीचा उतारा आणि बँकेच्या उताऱ्याची ती ओळ असलेले पान जोडा. शेवटची ओळ मुद्दाम लिहायला सांगतो आहे, कारण 31 मार्चची तारीख घातलेली नोंद एप्रिलमध्ये झाली यात लपवण्यासारखे काही नाही. वर्षअखेरच्या दुरुस्त्या अशाच होतात, आणि ते उघड लिहिले की कोणी त्यावर शंका घेत नाही.

तपशिलात 6 मार्च ही तारीख ठळक असण्याला आणखी एक कारण आहे. धुळ्याचे वर्कशॉप सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेले असेल आणि पुल्या स्वतः बनवत असेल, तर त्याला ठरलेल्या मुदतीत पैसे देण्याचा नियम तुम्हाला लागतो. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस आणि नसेल तर 15 दिवस. आर्थिक वर्ष 2023-24 पासून, या मुदतीपलीकडे थकवलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी खर्च म्हणून मिळते. आता तुमचे प्रकरण पाहा. बिलापासून 22 व्या दिवशी पैसे गेले. करार नसेल तर ते 15 दिवसांपेक्षा उशिराच गेले, तरीही ते 31 मार्चच्या आत गेले असल्यामुळे त्या वर्षीचा खर्च अडत नाही. पण वहीत पार्टी 31 मार्चला उभी राहिली असती, तर तपासणाऱ्याने ती थकीत समजून तुमचा खरा 80,000 चा खर्च नामंजूर केला असता, आणि खोटा 94,400 चा खर्च मात्र तसाच राहिला असता. हीच गोष्ट जीएसटीची. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. तुमच्या बिलाचे 180 दिवस 11 ऑगस्टला भरतात, आणि त्या दिवशी वहीकडे पाहून कोणीतरी 14,400 रुपये विनाकारण परत केले असते. जर्नलची तारीख 31 मार्च दिसली तरी पैसे 6 मार्चलाच गेले, हे सिद्ध करणारी ओळ म्हणून तपशिलात हवी.

नोंद सेव्ह केल्यावर तीन आकडे पाहा. पार्टीचे खाते शून्य, दुरुस्ती खात्यात या बिलापुरते 80,000, आणि बँकेची 31 मार्चची शिल्लक पहिल्यासारखीच. पार्टी 1,88,800 दिसू लागली, तर तुम्ही नोंद उलटी घातली आहे, म्हणजे खर्च नावे आणि पार्टी जमा. घाबरून तिसरी नोंद घालू नका, तेच जर्नल उघडून बाजू बदला. आजच घातलेल्या आणि कोणाकडे न गेलेल्या नोंदीत बदल करण्यात काही गैर नाही.

ज्या वाचकांचे वर्ष बंद झाले आहे, ताळेबंदावर सही झाली आहे आणि आयकर विवरणही गेले आहे, त्यांना हा मार्ग जसाच्या तसा लागू होत नाही. सही झालेल्या वर्षात शिरून नोंद घालू नये, कारण त्याने पुढच्या वर्षाच्या सुरुवातीच्या शिलका सही झालेल्या ताळेबंदाशी जुळेनाशा होतात. तिथे चालू वर्षात पार्टी नावे करावी आणि जमा "मागील वर्षाच्या हिशेबातील दुरुस्ती" अशा वेगळ्या खात्याला द्यावी. चालू वर्षाच्या दुरुस्ती खात्यातून ती रक्कम वजा केली, तर या वर्षी यंत्रांवर जवळजवळ खर्चच झाला नाही असे चित्र दिसते आणि मालक त्यावरून चुकीचे अंदाज बांधतात. मागील वर्षाचा नफा कमी दाखवला गेल्यामुळे कर कमी भरला गेला असतो, तेव्हा सुधारित विवरण भरायचे का आणि कसे, हे आपल्या सीएंना विचारूनच ठरवावे. तुमचे 2025-26 चे हिशेब अजून उघडे आहेत, त्यामुळे तुम्ही या पायरीपर्यंत आलेल्या नाहीत.

ही एकच चूक झाली असेल असे गृहीत धरू नका. तुरीच्या हंगामात जानेवारीपासून मार्चपर्यंत रोजचे पेमेंट किती असते, हे मला ठाऊक आहे. दुरुस्ती, पॅकिंग, भाडे, स्टोअरचे सामान अशी चार-पाच खर्चाची खाती उघडा आणि त्यांतील फक्त पेमेंट व्हाउचरच्या ओळी पाहा. ज्या सामानाची बिले तुमच्याकडे नोंदवली जातात, त्यांच्या खर्चाच्या खात्यात बँकेतून थेट आलेली मोठी रक्कम ही संशयास्पदच. आणखी एक खूण सांगतो. एकाच खात्यात 80,000 आणि 94,400 अशा दोन रकमा दिसल्या, म्हणजे एक दुसरीच्या बरोबर 1.18 पट निघाली, तर पहिली बहुधा बिलाची आणि दुसरी त्याच बिलाच्या पेमेंटची असते. कर 5 टक्के असेल तर हाच आकडा 1.05 होतो. दुसऱ्या बाजूने देणे यादी घ्या आणि ज्या पार्टीचे जुने बिल उभे आहे पण जी कधी तगादा लावत नाही, ती पार्टी वेगळी काढा. अमळनेरचा असो की इंदूरचा, कोणताही पुरवठादार 50 दिवस गप्प बसत नाही. तो गप्प असेल तर त्याला पैसे मिळाले आहेत, अशीच शक्यता जास्त.

ही चूक होते कशी, तेही पाहा. पैसे पाठवताना मनात "पुल्यांचे पैसे" असतात, म्हणून बोटे दुरुस्ती खात्याकडे जातात. पेमेंटच्या पडद्यावर खाते निवडले की त्याच्या खाली `Cur Bal` म्हणून शिल्लक दिसते. तिथे पार्टीची 94,400 जमा शिल्लक दिसायला हवी होती आणि रक्कम घातल्यावर ती शून्य व्हायला हवी होती. ज्या पेमेंटमागे नोंदवलेले बिल आहे, ते सेव्ह करण्याआधी ही एक ओळ वाचायची सवय लावा, आणि महिन्याला निदान मोठ्या दहा पार्ट्यांचे उतारे मागवून जुळवा.

राहिला शेठचा प्रश्न. चूक सांगितल्याने विश्वास जाईल असे तुम्ही मानता. मला वाटते तुम्ही थोडे उलट बाजूनेही पाहावे. त्यांनी स्वतः यादी पाहून पैसे द्यायला सांगितले आहेत, म्हणजे हा आकडा त्यांच्या लक्षात आहे. शुक्रवारी ती पार्टी यादीतून आपोआप गायब झाली आणि बँकेतून काही गेले नाही, तर ते विचारणारच, आणि त्या वेळी दिलेले उत्तर सबबीसारखे वाटेल. त्याऐवजी उतारा आणि जर्नलचा कागद हातात घेऊन आजच जा आणि एवढेच सांगा: "शेठ, धुळ्याच्या पार्टीचे 94,400 आपण 6 मार्चलाच दिले आहेत, हा यूटीआर. माझ्याकडून ती रक्कम दुरुस्ती खात्यात टाकली गेली होती, म्हणून यादीत दिसत होती. नोंद दुरुस्त केली आहे, शुक्रवारी त्यांना काही पाठवायचे नाही. मार्चच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये देणी तेवढ्याने जास्त गेली आहेत, ते बँकेला कळवायचे का, हे सीएंना विचारून ठरवू." त्यांनी थोडा राग केला तर करू द्या, आणि सीएंकडे दुरुस्तीच्या नोंदींची यादी पाठवताना हे जर्नल तिच्यात सर्वांत वर ठेवा.